मनगटावरची न दुखणारी गाठ: सुई लावायची की राहू द्यायची?

माझं वय २८. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आठ-नऊ महिन्यांपूर्वी उजव्या मनगटाच्या मागच्या बाजूला लहानशी गाठ आली, आता ती बोराएवढी झाली आहे. दुखत अजिबात नाही. पेपर तपासायच्या दिवसांत मोठी वाटते, सुट्टीत कमी होते. एका डॉक्टरांनी सांगितलं, "गँगलियन आहे, सुईने पाणी काढून आत एक इंजेक्शन देऊ, पाच मिनिटांचं काम." दुसरे म्हणाले, ऑपरेशनशिवाय जायची नाही. आई कॅन्सरच्या भीतीने झोपत नाही आणि आत्या म्हणते, वहीचा गठ्ठा मारून फोड. चार महिन्यांनी माझं लग्न आहे. वर्गातली मुलंसुद्धा विचारतात, "बाई, हाताला काय झालं?" काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

नमस्कार,

आधी माझं मत सांगते. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही मनगटाच्या मागच्या बाजूला येणारी नेहमीची गँगलियनची गाठ दिसते. डॉक्टरांनी हात लावून तसं नक्की केलं आणि ती दुखत नसेल, तर तिला राहू द्यावं. लग्नाच्या फोटोंसाठी ती दिसू नये असं तुम्हाला फार वाटत असेल तर सुईने रिकामी करून घेणं चूक नाही. पण ती परत येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे हे आधी मान्य करूनच करा आणि आतलं ते दुसरं इंजेक्शन घेऊ नका. ऑपरेशन लग्नाआधी नको. असं का म्हणते ते आता सविस्तर सांगते, कारण दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या की माणूस गोंधळतो. खरं तर दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलले आहेत.

मनगटात आठ लहान हाडं असतात. त्यांपैकी स्कॅफॉइड आणि ल्युनेट ही दोन शेजारची हाडं एका मजबूत लिगामेंटने जोडलेली असतात. मागच्या बाजूच्या बहुतेक गँगलियन याच जोडाजवळून उगवतात. वरून दिसतो तो फक्त फुगवटा. खाली एक बारीक देठ असतो आणि तो सांध्याच्या आवरणापर्यंत गेलेला असतो. फुगवट्यात घट्ट, पारदर्शक जेली भरलेली असते. तिच्यात हायलुरॉनिक ॲसिड भरपूर असतं, तेच जे सांध्याच्या वंगणातही असतं, फक्त इथे ते फार दाट झालेलं असतं. हा देठ सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा वागतो: सांध्याकडून द्रव वर येतो, परत खाली सहज जात नाही. म्हणून मनगट जास्त वापरलं की गाठ फुगते आणि हाताला विश्रांती मिळाली की हळूहळू बसते. पेपर तपासण्याच्या दिवसांत ती मोठी दिसते ती यामुळेच. गाठ अशी कमी-जास्त होणं ही खरं तर दिलासा देणारी खूण आहे, कारण भरीव गाठी सुट्टी लागली म्हणून लहान होत नाहीत. फळ्यावर लिहिल्यामुळे किंवा पेपर तपासल्यामुळे ती झाली, असं मात्र समजू नका. कामामुळे ही गाठ तयार होते असं सिद्ध झालेलं नाही. विशी ते चाळिशीतल्या बायकांमध्ये ती जास्त दिसते आणि बऱ्याचदा काहीच कारण सापडत नाही.

आईंची भीती मी हलकी मानत नाही. अशा गाठीसाठी येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना दुखण्याचा त्रास नसतोच, मनातली शंकाच त्यांना घेऊन येते. म्हणून तपासणीत नेमकं काय पाहतात ते सांगते, म्हणजे आईंना समजावताना तुमच्याकडे फक्त "डॉक्टर म्हणाले" एवढंच नसेल.

पहिली गोष्ट जागा. मनगट खाली वाकवा, म्हणजे तळहात आतल्या बाजूला झुकेल. गँगलियन असेल तर ती या स्थितीत ठळकपणे वर येते आणि मनगट मागे वाकवलं की बरीचशी लपते. वरची कातडी चिमटीत धरून हलवली तर मोकळी सरकते, पण गाठ स्वतः तळाशी घट्ट बसलेली वाटते. स्पर्शाला ती गुळगुळीत आणि तणावलेली असते. कधीकधी इतकी टणक लागते की हाडच वाढलं की काय असं वाटतं, त्यामुळे केवळ टणकपणावरून घाबरू नये. दुसरी गोष्ट उजेड. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च गाठीच्या एका कडेला टेकवून धरला तर द्रव भरलेली गाठ आतून लालसर उजळते, भरीव गाठ काळोखीच राहते. घरी करून पाहायला हरकत नाही, आईंनाही दाखवा. पण या चाचणीवर सगळा भार टाकू नका. लहान आणि खोल असलेली गँगलियन उजळत नाही आणि चरबीची गाठ कधीकधी थोडीफार उजळते.

तिसरी गोष्ट बोटांची हालचाल, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मूठ उघड-मीट करताना गाठ बोटांबरोबर वर-खाली सरकते का ते पाहा. सरकत असेल, लांबट असेल किंवा मध्ये आवळल्यासारखी दिसत असेल, तर ती सांध्याची गाठ नसून बोटं सरळ करणाऱ्या कंडरांच्या आवरणाची सूज असू शकते. अशी सूज संधिवातात येते आणि आपल्या देशात क्षयरोगामुळेही येते. कंडरांच्या आवरणाचा क्षय बराच काळ न दुखता वाढतो, त्यामुळे फक्त दुखत नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. अशा गाठीत सुई घालून पाणी काढण्यापेक्षा आधी निदान करणं फार गरजेचं असतं.

यांपैकी काहीही शंकास्पद वाटलं, किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांना खात्री नसली, तर सोनोग्राफी करावी. ती साधी आणि न दुखणारी तपासणी आहे. आत द्रव आहे की भरीव काही, हे तिच्यात चटकन कळतं, बहुतेक वेळा देठही दिसतो. तुमच्या बाबतीत आईंच्या मनःशांतीसाठी ती केली तरी मी तिला अनाठायी म्हणणार नाही. एमआरआयची गरज मात्र क्वचितच असते, साधारणपणे मनगट दुखतं आहे पण वरून गाठ दिसत नाही अशा वेळी. गँगलियनचा कॅन्सर होत नाही, हे आईंना स्पष्ट सांगा.

आता मुख्य प्रश्न. काही न करता ठेवली तर या गाठीचं काय होतं?

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या डॉक्टरांनी हा प्रश्न नीट तपासला. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनगटाच्या मागच्या बाजूला गँगलियन असलेल्या रुग्णांना त्यांनी सरासरी सुमारे सहा वर्षांनी प्रश्नावली पाठवली. काहींची गाठ तशीच ठेवली होती, काहींची सुईने रिकामी केली होती, काहींचं ऑपरेशन झालं होतं. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्यापैकी ५८ टक्के लोकांची गाठ आपोआप गेली होती. सुई लावलेल्यांपैकी ५८ टक्के लोकांची परत आली होती आणि ऑपरेशन केलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांची. दुखणं, मनगट आखडणं, हातातला जोर कमी वाटणं या तक्रारींच्या बाबतीत तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. समाधान मात्र ऑपरेशन केलेल्यांना जास्त होतं, गाठ परत आली तरीसुद्धा.

या अभ्यासातली एक गोष्ट विसरू नका: हा काळ सहा वर्षांचा आहे. "आपोआप जाते" याचा अर्थ पुढच्या महिन्यात जाते असा नाही. कुणाची काही महिन्यांत जाते, कुणाची तीन वर्षं राहून एक दिवस लक्षात येतं की अरे, गाठ कुठे गेली? आणि चाळीसएक टक्के लोकांची राहतेच. पण ती राहिली म्हणून सांधा झिजत नाही, हात निकामी होत नाही. न दुखणारी गाठ राहू देणं म्हणजे दुखण्याकडे दुर्लक्ष करणं नव्हे. माझ्या मते तोच तिचा पहिला उपचार आहे.

आता सुईबद्दल. पाच मिनिटांचं काम हे खरं आहे. जागा निर्जंतुक करतात, कातडी बधिर करायला बारीक सुईने थोडं लिग्नोकेन देतात आणि मग जाड सुई गाठीत घालतात, साधारण १८ किंवा १६ नंबरची. जाड अशासाठी की आतली जेली बारीक सुईतून ओढलीच जात नाही. सिरिंजमध्ये एक-दोन मिली पारदर्शक किंवा फिकट पिवळसर घट्ट जेली येते आणि गाठ डोळ्यांदेखत बसते. याचा एक फायदा मी मान्य करते: जेली आली की निदानावर शिक्कामोर्तब होतं. आई शेजारी बसलेल्या असतील तर त्यांची भीती तिथेच संपेल. जेलीऐवजी गढूळ पाणी आलं, रक्त आलं, किंवा काहीच आलं नाही, तर मात्र तिथेच थांबून पुढच्या तपासण्या करायला हव्यात आणि जे निघालं ते प्रयोगशाळेत पाठवायला हवं.

पण सुईने रिकामा होतो तो फक्त फुगवटा. देठ जागेवर राहतो, सांध्याशी त्याचा संबंध तसाच राहतो आणि वंगण पुन्हा वर यायला लागतं. म्हणून ती परत येते. यात डॉक्टरांच्या हाताचा दोष नसतो. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यातही सुईनंतर गाठ परत येण्याचं प्रमाण सुमारे ५९ टक्केच निघालं. काहींची काही आठवड्यांत भरते, काहींची काही महिन्यांनी. सुईनंतर पट्टा लावून मनगट बरेच दिवस बांधून ठेवल्याने ती येत नाही, असंही खात्रीने दिसलेलं नाही. उगाच मनगट मात्र आखडतं.

त्या डॉक्टरांनी म्हटलेलं "आत एक इंजेक्शन" बहुधा स्टेरॉइडचं असावं. मी त्याला नको म्हणते, कारण त्याने गाठ परत येणं कमी होतं असं सिद्ध झालेलं नाही आणि तोटा मात्र आपल्या वर्णाच्या लोकांना ठळक दिसतो. कातडीच्या अगदी खाली स्टेरॉइड पडलं की तिथला रंग फिका पडतो, कधीकधी चरबी विरघळून खळगा होतो. सावळ्या हातावर तो पांढुरका डाग गाठीपेक्षा जास्त नजरेत भरतो. तो काही आठवड्यांनी उमटतो आणि जायला कित्येक महिने लागतात, क्वचित कायमही राहतो. चार महिन्यांवर लग्न असलेल्या मुलीला हा सौदा परवडणारा नाही. तुम्ही सुई लावून घ्यायचं ठरवलंत तर टेबलावर बसण्याआधीच सांगा, "फक्त रिकामी करा, आत काही देऊ नका." असं विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

ऑपरेशनचं थोडक्यात. चांगल्या ऑपरेशनमध्ये फुगवटा, देठ आणि त्याच्या मुळाशी असलेला सांध्याच्या आवरणाचा छोटा तुकडा असं सगळं काढतात. त्यामुळे परत येण्याचं प्रमाण सुईपेक्षा कमी असतं. २०१५ च्या त्याच एकत्रित पाहणीत ते सुमारे २१ टक्के होतं. त्यामुळे "ऑपरेशनशिवाय जायची नाही" हे दुसऱ्या डॉक्टरांचं वाक्य जितकं पूर्ण खरं नाही, तितकंच "ऑपरेशन केलं की संपलं" हेही नाही. हात किंवा पूर्ण शरीर बधिर करावं लागतं, टाके दहा ते चौदा दिवस असतात, मनगट खाली वाकवताना काही आठवडे ताठरपणा जाणवतो, व्रण महिनोन्‌महिने लालसर आणि दुखरा राहू शकतो. तिथून जाणाऱ्या बारीक नसेला धक्का लागला तर हाताच्या मागच्या बाजूला बधिरपणा किंवा झिणझिण्या येतात. हे सगळं न दुखणाऱ्या गाठीसाठी का सोसायचं? दुखणारी, लिहिताना किंवा जमिनीवर हात टेकताना अडवणारी आणि महिनोन्‌महिने न बसणारी गाठ असेल तर माझं उत्तर वेगळं असतं, तेव्हा मी स्वतः ऑपरेशनचा सल्ला देते. तुमच्या कुटुंबात कुणाचे व्रण जाड होऊन वर येत असतील तर तेही आधी सर्जनला सांगायला हवं.

आता तुमचे चार महिने मांडून पाहू. या आठवड्या-दोन आठवड्यांत अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हाताच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेल्या सर्जनकडून एकदा नीट तपासून घ्या, हवी तर सोनोग्राफी करा. त्यानंतर लग्नाला महिना उरेपर्यंत काहीही करू नका. या काळात ती आपोआप बसली तर प्रश्नच मिटला. लग्नाला महिना उरला आणि ती तितकीच दिसत असेल, तर स्वतःला विचारा की तिचं खरंच वाईट वाटतंय का. वाटत असेल तर लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी सुईने रिकामी करून घ्या. त्याहून फार लवकर केली तर लग्नापर्यंत पुन्हा भरण्याची शक्यता वाढते. अगदी शेवटच्या आठवड्यात केली तर काळानिळा डाग हातावर राहतो आणि क्वचित जंतुसंसर्ग झालाच तर तो ऐन हळदीच्या दिवशी डोकं वर काढतो. सुईनंतर एक-दोन दिवस हलकी पट्टी ठेवायची, जागा कोरडी ठेवायची, मग हात नेहमीसारखा वापरायचा. मेंदी सुईची जागा पूर्ण भरल्यावरच. लग्नानंतर दोन महिन्यांनी गाठ परत दिसली तर काही बिघडलं असं समजू नका. ज्यासाठी सुई लावली ते काम झालेलं असेल. आणि गाठ तशीच ठेवून चुडा भरायचा ठरवलात तर घट्ट बांगड्यांनी ती थोडी दाबली जाईल, अवघडल्यासारखं वाटेल, पण त्याने काही इजा होत नाही. एक माप सैल घ्या.

आत्यांना माझा निरोप द्या. जड वस्तू मारून गँगलियन फोडायचा उपाय फार जुना आहे आणि तो युरोपातही होता, तिथे जाड पुस्तक मारत. फटक्याने फुगवटा कधीकधी खरंच फुटतो, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसला. पण देठ तसाच राहत असल्यामुळे ती सुईइतकीच सहज परत येते आणि मधल्या काळात मनगटाचं बारीक हाड मोडण्याची, कंडरा दुखावण्याची जोखीम आपण घेतलेली असते. बिब्बा लावणं, चटका देणं, घरच्या सुईने टोचणं हे तर अजिबात नको. बिब्ब्याने कातडी भाजते. घरच्या सुईतून जंतू थेट सांध्याशी जोडलेल्या पोकळीत जाऊ शकतात आणि सांध्यात पू झाला तर ती तातडीची शस्त्रक्रिया असते. एक गोष्ट इतर वाचकांसाठीही सांगून ठेवते: अशीच गाठ मनगटाच्या पुढच्या बाजूला, अंगठ्याच्या खाली, जिथे नाडी पाहतात तिथे असेल, तर तिला दवाखान्यातसुद्धा घाईने सुई लावून घेऊ नका. हाताची मोठी धमनी तिला अगदी चिकटून जाते.

राहू देण्याच्या काळात दर महिन्याला त्याच जागी, मनगट खाली वाकवून, शेजारी पट्टी ठेवून एक फोटो काढा. रोज चाचपत बसू नका, बोटांना रोज ती वेगळीच वाटते. गाठ काही आठवड्यांत भराभर वाढत गेली, विश्रांतीतही कधीच कमी झाली नाही, रात्री दुखायला लागली, लाल आणि गरम झाली, ताप आला, बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा खडू धरताना पकड सुटू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवायला जा. बराच काळचा खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं किंवा घरात कुणाला क्षय असणं, यांपैकी काही असेल तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.

आणि वर्गातल्या मुलांना सरळ सांगा की मनगटाच्या सांध्यातलं वंगण वर येऊन साठलं आहे. अंधार करून टॉर्च लावून दाखवलात तर त्यांना ते फार आवडेल.